दहात एक की शंभरात एक?

येत्या आठवड्यात तुम्ही कुठल्या ना कुठल्या हिंसेत सापडण्याची शक्यता किती आहे? दहात एक, की शंभरात एक? १९७० च्या दशकात अमेरिकेत हजारो लोकांना हा प्रश्न विचारला गेला. उत्तरासाठी हे दोनच पर्याय होते. सोबत आणखी एक प्रश्न असायचा, तो म्हणजे रोज टीव्ही किती तास बघता. जे लोक चार तासांहून जास्त टीव्ही बघत, त्यांच्यात ‘दहात एक’ म्हणणारे जास्त निघाले. दोन तासांहून कमी बघणाऱ्यांत ते कमी होते. या फरकावर एक मोठा सिद्धांत उभा राहिला. आपल्याकडे पत्रकारिता शिकवणाऱ्या वर्गांत तो ‘कल्टिव्हेशन थिअरी’ या नावानेच शिकवतात.

तो मांडणारे जॉर्ज गर्बनर १९१९ मध्ये बुडापेस्टला जन्मले. हिटलरच्या काळात हंगेरी सोडून ते अमेरिकेत आले आणि पुढे पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातल्या ॲनेनबर्ग स्कूलचे पंचवीस वर्षं प्रमुख होते. टीव्हीवरची मारामारी पाहून मूल उठून दुसऱ्याला मारतं का, या वादात त्यांना फारसा रस नव्हता. त्यांचं म्हणणं वेगळं होतं. टीव्ही हा घरातला कथाकार आहे. पूर्वी आजी, कीर्तनकार, पाद्री जी गोष्ट सांगत, ती आता एक यंत्र सगळ्यांना सांगतं, तीच ती आणि रोज. एका कार्यक्रमाने काही होत नाही, पण वर्षानुवर्षं त्या गोष्टी ऐकणाऱ्याला बाहेरचं जग त्या गोष्टींसारखं वाटू लागतं.

म्हणून त्यांनी काम दोन भागांत केलं. पहिल्या भागात १९६७ पासून दरवर्षी संध्याकाळच्या मुख्य वेळेतल्या आणि शनिवार-रविवार सकाळच्या कार्यक्रमांचा साधारण एका आठवड्याचा नमुना घेऊन मोजदाद व्हायची. किती पात्रं मारतात, किती मार खातात, त्यांत बायका किती, म्हातारे किती, पोलीस किती, याची ती नोंद. टीव्हीच्या गावात गुन्हे खऱ्या गावापेक्षा कितीतरी जास्त होते आणि पोलीस-वकीलही तसेच. दुसऱ्या भागात लोकांना प्रश्न विचारून पाहायचं, की जास्त बघणाऱ्यांची उत्तरं टीव्हीच्या गावाकडे झुकतात का. झुकाव दिसला. लोकांवर भरवसा ठेवता येतो का, बहुतेक माणसं आपल्याच फायद्याचं बघतात का, संधी मिळाली तर ती आपला गैरफायदा घेतील का, या तीन प्रश्नांवरही जास्त बघणारे अधिक संशयी निघाले. गर्बनर यांनी याला ‘दुष्ट जगाची भावना’ म्हटलं आणि ती राजकारणाला जोडली. घाबरलेली माणसं कडक कायद्यांना आणि कडक नेत्यांना सहज होकार देतात, असं ते बजावत राहिले. ही चिंता मला आजही मोलाची वाटते. पण चिंता खरी असली म्हणून तिच्यासाठी दिलेला पुरावा आपोआप खरा ठरत नाही.

सुरुवातीच्या प्रश्नाचंच गणित करून पाहू. आठवड्याला शंभरात एक, म्हणजे वर्षाच्या बावन्न आठवड्यांत निदान एकदा हिंसेत सापडण्याची शक्यता जवळपास ४० टक्के. त्या दशकातल्या बहुतेक वर्षांत अमेरिकी पोलिसांकडे नोंदलेले हिंसक गुन्हे मात्र वर्षाला दर लाख लोकांमागे ५०० हून कमी होते, म्हणजे अर्धा टक्काही नाही. आठवड्याचा हिशेब केला तर ते साधारण दहा हजारांत एक पडतं. पोलिसांपर्यंत न गेलेली भांडणं धरली तर आकडा वाढेल, पण शंभरात एकपर्यंत पोचायला फारच वाढावा लागेल. म्हणजे ज्याला ‘वास्तवातलं उत्तर’ धरलं, तेही वास्तवापासून बरंच लांब होतं. कमी टीव्ही बघणारा जग नीट ओळखतो आणि जास्त बघणारा फसतो, असं या प्रश्नातून सिद्ध होत नाही. दोघंही चुकतात, एक जास्त चुकतो, एवढंच. समज आणि वास्तव यांची तुलना करणाऱ्या कुठल्याही दाव्यात ‘वास्तव’ म्हणून कोणता आकडा धरला आहे, हे आधी पाहावं लागतं ते यासाठी.

याहून मोठी अडचण टीव्ही जास्त बघणारी माणसं कोण, ही आहे. समजा, शहराच्या जुन्या, गुन्ह्यांनी त्रासलेल्या भागात सत्तर वर्षांची विधवा एकटी राहते. अंधार पडला की ती बाहेर पडत नाही. घरात बसून ती काय करणार? टीव्ही बघणार. तिची भीती आणि तिचा टीव्ही, दोन्ही एकाच गोष्टीतून आले आहेत. गर्बनर यांचे सहकारी वय, शिक्षण, स्त्री-पुरुष असे घटक तपासत, पण बहुधा एका वेळी एकच. १९८० च्या सुमारास मायकल ह्यूज आणि पॉल हर्श या दोन संशोधकांनी, गर्बनर यांच्या चमूनेही वापरलेल्या, त्याच राष्ट्रीय पाहणीची आकडेवारी पुन्हा उघडली आणि असे अनेक घटक एकाच वेळी हिशेबात धरले. जास्त टीव्ही आणि जास्त भीती यांच्यातला बराचसा संबंध तिथे गळून पडला. हर्श यांना आणखी एक विचित्र गोष्ट दिसली. टीव्ही अजिबात न बघणारे लोक, थोडा बघणाऱ्यांपेक्षा जास्त धास्तावलेले होते, तर दिवसाला आठ तास किंवा त्याहून जास्त बघणारे, त्यांच्याहून थोडं कमी बघणाऱ्यांपेक्षा कमी. टीव्हीचा डोस वाढेल तशी भीती वाढते, या साध्या चित्राला हे जुळत नाही. अर्थात दोन्ही टोकांचे हे गट लहान होते, त्यामुळे त्यांच्यावर फार भार टाकू नये.

त्या विधवेच्या गल्लीची तपासणी टोरांटोत झाली. १९७९ मध्ये अँथनी डूब आणि ग्लेन मॅक्डोनाल्ड यांनी शहरातला जास्त गुन्ह्यांचा एक भाग आणि कमी गुन्ह्यांचा एक, उपनगरातले तसेच दोन, असे चार भाग निवडून घरोघरी प्रश्न विचारले. चारही भाग एकत्र धरले तर नेहमीचंच चित्र दिसलं, टीव्ही जास्त तिथे भीती जास्त. पण प्रत्येक भाग वेगळा करून पाहिल्यावर तो संबंध बहुतेक ठिकाणी उरलाच नाही. लोक घाबरत होते ते दाराबाहेरच्या रस्त्याला. फक्त शहरातल्या जास्त गुन्ह्यांच्या भागात टीव्हीचा संबंध टिकून राहिला.

यावर गर्बनर यांनी १९८० मध्ये दोन नव्या कल्पना आणल्या. एक मेनस्ट्रीमिंग: वेगवेगळ्या थरांतले लोक टीव्ही जास्त बघू लागले की त्यांची मतं एका मधल्या प्रवाहाकडे येतात. दुसरी रेझोनन्स: ज्याच्या आयुष्यातच टीव्हीसारखी हिंसा आहे, त्याच्यावर तिचा दुप्पट ठसा उमटतो. टोरांटोच्या त्या एका भागातला निकाल रेझोनन्समध्ये नीट बसला. दोन्ही कल्पना माणसांच्या अनुभवाला धरून आहेत, हे मी मान्य करतो. खोट आहे ती त्या वापरल्या गेल्या त्या पद्धतीत. एखाद्या गटात टीव्हीमुळे फरक कमी झाला तर मेनस्ट्रीमिंग म्हणायचं, वाढला तर रेझोनन्स. मग सिद्धांत चुकला असं दाखवणारा निकाल कोणता उरतो? कोणत्या गटात काय होईल हे आधी लिहून ठेवलं आणि मग मोजलं, तरच अशा स्पष्टीकरणाला पुराव्याचं मोल येतं. हर्श यांचा मुख्य आक्षेप हाच होता आणि त्याचं पुरेसं उत्तर त्या वादात मिळालं नाही, असं माझं मत आहे.

मग सगळं सोडून द्यायचं का? नाही. मायकल मॉर्गन आणि जेम्स शानाहान यांनी १९९७ मध्ये वीस वर्षांतल्या ८२ अभ्यासांचे निकाल एकत्र केले. टीव्ही बघणं आणि टीव्हीसारखं उत्तर देणं यांतला सरासरी सहसंबंध ०.०९ निघाला. सहसंबंध शून्य असला तर दोन गोष्टींचा परस्परांशी काहीच मेळ नाही आणि एक असला तर पूर्ण मेळ. ०.०९ चा अर्थ असा, की लोकांच्या उत्तरांमध्ये जो फरक दिसतो त्यातला एक टक्काही टीव्हीच्या तासांवरून सांगता येत नाही. २०२१ मध्ये कितीतरी जास्त अभ्यास घेऊन पुन्हा हिशेब झाला, तेव्हाही आकडा ०.१ च्या आसपासच राहिला. हा संबंध छोटा आहे, पण पन्नास वर्षं पुसला गेलेला नाही. एका माणसाबद्दल त्यावरून काहीच बोलता येत नाही. कोट्यवधींच्या समाजात मात्र एवढा कलही निवडणुकीत किंवा कायद्यावरच्या मतात दिसू शकतो.

हा संबंध डोक्यात कसा तयार होतो, यावर मानसशास्त्रज्ञ एल. जे. श्रम यांनी केलेले प्रयोग मला सर्वांत बोलके वाटतात. गुन्हे किती होतात असं अचानक विचारलं तर माणूस आठवणीत पटकन सापडेल त्यावरून अंदाज करतो, आणि जास्त टीव्ही बघणाऱ्याला पडद्यावरचे गुन्हे आधी आठवतात. श्रम आणि सहकाऱ्यांनी काही लोकांना आधी टीव्हीबद्दल विचारलं आणि मग गुन्ह्यांबद्दल. एवढ्याने, आपल्या आठवणी कुठून येताहेत हे लोकांच्या लक्षात आलं आणि जास्त-कमी बघणाऱ्यांतला फरक जवळजवळ नाहीसा झाला. नीट विचार करून उत्तर द्या असं सांगितल्यावरही तसंच झालं. तेव्हा पाहणीत ‘दहात एक’ म्हणणाऱ्याच्या मनात तसं जग कायमचं वसलं आहे, असं धरता येत नाही. निदान आकड्यांच्या अंदाजाबाबत तरी तो बऱ्याचदा घाईचा अंदाज असतो.

कारण आणि परिणाम वेगळे करायचे तर एकाच क्षणी केलेली पाहणी पुरत नाही. टीव्ही येण्याआधी आणि नंतर, त्याच माणसांना विचारावं लागतं. अर्थशास्त्रज्ञ रॉबर्ट जेन्सन आणि एमिली ऑस्टर यांनी २००१ ते २००३ या काळात गोवा, बिहार, हरियाणा, तमिळनाडू आणि दिल्ली इथल्या १८० गावांची माहिती अशीच वापरली. त्यांतल्या २१ गावांत त्या काळात केबल नव्याने आलं. तिथे बायकांची उत्तरं बदलली: नवऱ्याने मारणं योग्य मानणाऱ्या कमी झाल्या, मुलगाच हवा असं म्हणणंही कमी झालं. केबल न आलेल्या गावांत हा बदल तसा दिसला नाही. म्हणजे पडद्यावरच्या गोष्टी मत बदलू शकतात, आणि ते नेहमी भीतीच्याच दिशेने बदलतं असंही नाही. केबलबरोबर गावात दुसरं काही आलं होतं का, किंवा बदललं ते फक्त पाहणीतलं उत्तर की घरातलं वागणंही, या शंका इथेही राहतातच, पण निदान त्या नेमक्या शब्दांत विचारता येतात.

मालिकांमुळे घरं मोडतात, गुन्ह्यांचे कार्यक्रम बघून समाज भित्रा झाला, अशी विधानं आपण रोज ऐकतो. पुढच्या वेळी असं कुणी ठामपणे म्हणालं तर त्यांना एवढंच विचारा, की ते कार्यक्रम सुरू होण्याआधी त्याच माणसांचं मत कुणी नोंदवून ठेवलं होतं का.