चंद्र पंचांगात, ढग साक्षीत

उदाहरणासाठी एक खटला घेऊ. बांधाच्या जुन्या वादातून शेतात मारामारी झाली. तारीख शुद्ध अष्टमीची, वेळ पहाटे तीनची. प्रत्यक्षदर्शी साक्षीदार शपथेवर सांगतो, "टिपूर चांदणं होतं, मी आरोपीला चांगला ओळखला." अष्टमीचा चंद्र मध्यरात्रीच्या सुमारास मावळतो. मग त्या रात्री पहाटे तीनला चंद्र नव्हता हे सिद्ध करायला आरोपीच्या वकिलाने खगोलशास्त्रज्ञाला पिंजऱ्यात उभे करायचे का?

गरज नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ चे कलम ५१ सांगते की, न्यायालय ज्या गोष्टीची न्यायिक दखल घेईल ती शाबीत करावी लागत नाही. कलम ५२ मध्ये अशा गोष्टींची यादी आहे: देशात अमलात असलेले कायदे, संसदेचे कामकाज, न्यायालयांचे शिक्के, कालविभाग, जगाचे भौगोलिक विभाग, राजपत्रात जाहीर झालेले सण आणि सुट्ट्या, रस्त्यावरून वाहने चालवण्याचा नियम, वगैरे. १८७२ च्या जुन्या कायद्यात हीच कलमे ५६ आणि ५७ होती, आणि जुने निवाडे त्याच क्रमांकांनी सापडतात.

विद्यार्थी यादी पाठ करतात, पण याच कलमातले दुसरे पोटकलम त्यांच्या नजरेतून निसटते. कामाची गोष्ट तिथे आहे. इतिहास, वाङ्मय, विज्ञान, कला अशा बाबतींत न्यायाधीश योग्य संदर्भग्रंथ पाहू शकतात. मात्र दखल घ्या म्हणणाऱ्याने तो ग्रंथ हजर केला नाही, तर न्यायालय नकारही देऊ शकते. म्हणून आपल्या खटल्यातल्या वकिलाने त्या गावाच्या चंद्रास्ताची वेळ देणारे विश्वसनीय पंचांग बरोबर आणायला हवे. शिवाय हा मुद्दा शेवटच्या युक्तिवादापर्यंत राखून ठेवू नये. उलटतपासणीतच साक्षीदाराला विचारावे, "चंद्र तर मावळला होता, मग उजेड कसला?" त्याला खुलाशाची संधी मिळालीच पाहिजे. कदाचित तो म्हणेल, विहिरीवरचा दिवा चालू होता.

आणि इथेच पंचांगाची हद्द संपते. विहिरीवर दिवा होता का, तो त्या रात्री चालू होता का, साक्षीदार किती हातांवर उभा होता, मध्ये ऊस होता का, हे कोणत्याही ग्रंथात मिळत नाही. चंद्र आकाशात असता तरी आभाळ भरून आले होते की नाही, हे साक्षीनेच ठरले असते. चंद्र केव्हा मावळला हे सगळ्या जगासाठी एकच सत्य आहे. त्या शेतात किती दिसत होते, हा या भांडणापुरता प्रश्न आहे. दुसऱ्या प्रकारच्या गोष्टीची न्यायिक दखल घेतली, तर आरोपीचा उलटतपासणीचा हक्क जातो. न्यायाधीश त्याच गावचे असले आणि तो दिवा रोज पाहत असले, तरी ही खाजगी माहिती निकालात येता कामा नये. न्यायाधीशांना कोण उलट प्रश्न विचारणार?

यादीत नसलेल्या गोष्टींचे काय? ओंकारनाथ विरुद्ध दिल्ली प्रशासन या १९७७ च्या निवाड्यात सर्वोच्च न्यायालयाने ही यादी परिपूर्ण नसल्याचे स्पष्ट केले. मे १९७४ चा रेल्वे संप येऊ घातला होता, हे सिद्ध करायला स्वतंत्र पुरावा हवा का, असा तिथे प्रश्न होता. सारा देश ज्याने हादरला, त्याला औपचारिक पुरावा लागत नाही, अशी न्यायालयाची भूमिका होती. मात्र यावरून 'पेपरात आले म्हणजे सर्वज्ञात' असे कुणी समजू नये. लक्ष्मीराज शेट्टी विरुद्ध तामिळनाडू राज्य या १९८८ च्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने बातमीतल्या मजकुराची अशी दखल घेण्यास नकार दिला. बातमी ही ऐकीव माहिती असते. बातमीदाराने येऊन सांगितल्याशिवाय ती पुरावा होत नाही.

पुरावा न लागणारी दुसरी जात म्हणजे कबूल गोष्टी, कलम ५३. घरमालकाने दाव्यात लिहिले की भाडे दरमहा ५,००० रुपये आहे, आणि भाडेकरूने कैफियतीत ते मान्य केले. आता भाड्याच्या पावत्यांचा ढीग कशाला? वाद उरला थकबाकीचा, तर पुरावा तेवढ्यापुरताच. तरीही कबुलीपलीकडे पुरावा मागण्याची मुभा न्यायालयाला याच कलमाने ठेवली आहे. घटस्फोटाच्या अर्जात ती फार मोलाची ठरते. पत्नीने क्रूरतेचा आरोप केला आणि पतीने निमूट मान्य केला, तरी दोघांनी संगनमत तर केले नाही ना, हे हिंदू विवाह कायद्याच्या कलम २३ प्रमाणे न्यायालयाला पाहावे लागते. तिथे नुसत्या 'हो'वर हुकूमनामा होत नाही. पत्नीला साक्षीला उभे राहून काय घडले ते सांगावेच लागते.