कंसातलं नाटक ऐकू यावं म्हणून

कुठल्याही नाटकाची संहिता उघडा. पात्रांची वाक्यं असतात आणि मधूनमधून कंसातल्या सूचना: (पत्र फाडतो), (दाराकडे पाहते). वाक्यं सगळ्या प्रेक्षागृहाला ऐकू येतात, कंस मात्र फक्त दिसतात. दृष्टिहीन प्रेक्षकाच्या हातून कथेचा धागा सुटतो तो बहुतेक वेळा अशा एखाद्या कंसात.

यावरचा रूढ उपाय म्हणजे श्राव्य वर्णन. प्रेक्षक कानाला इअरफोन लावतो आणि रंगमंचावर किंवा पडद्यावर काय चाललंय ते एक निवेदक संवादांच्या मधल्या फटींत सांगतो. वॉशिंग्टनच्या अरीना स्टेज या नाट्यगृहात १९८१ साली ही सोय सुरू झाली. आपल्याकडे ‘पठाण’च्या वेळी, २०२३ साली, दिल्ली उच्च न्यायालयाने ओटीटीवरच्या हिंदी आवृत्तीसाठी असं वर्णन तयार करायला निर्मात्यांना सांगितलं. सोय चांगली आहे, पण ती फटींवर अवलंबून असते. चार माणसं एकमेकांना बोलू देत नाहीत अशा कौटुंबिक नाटकात निवेदकाला शिरायला जागाच मिळत नाही. शिवाय यंत्रं लागतात आणि नाटकाच्या प्रयोगाला निवेदक हजर असावा लागतो. गावोगावच्या दौऱ्यात हे जमेलच असं नाही.

दुसरी वाट लेखकाच्या टेबलापासून सुरू होते. वर्णन वेगळं न ठेवता संहितेतच मुरवायचं, म्हणजे इअरफोनशिवाय नाटक समजेल. कसं, ते एका लहानशा प्रसंगावर पाहू.

घरात तिघं आहेत: आई, मुलगी सुलभा, मुलगा नितीन. वडील नुकतेच गेलेत. पहिल्या खर्ड्यात असं आहे: (नितीन कपाटातून बाबांचं पासबुक काढून खिशात घालतो. आई दारात उभी राहून पाहते; त्याला पत्ता नाही. सुलभा येते.) सुलभा म्हणते, “हे काय?” नितीन म्हणतो, “काही नाही.” सुलभा: “ठेव ते तिथे.” (आई सुलभाला मानेनेच ‘नको’ म्हणते.) सुलभा गप्प.

डोळे मिटून ऐकलं तर काय उरतं? “हे काय”, “काही नाही”, “ठेव ते तिथे”. पासबुक गेलं, आई गेली, आणि सुलभा अचानक गप्प का झाली तेही गेलं.

पहिली पायरी म्हणजे प्रत्येक कंसाची छाननी. हे कळलं नाही तर कथा अडेल का? नितीनचा शर्ट निळा आहे, हे न कळल्याने काही अडत नाही. अडतं ते तीन ठिकाणी: वस्तू कोणती, आई तिथे आहे, आईने अडवलं. सगळंच सांगायला गेलं की नाटक बुडतं, म्हणून तेवढंच घ्यायचं.

आता नवखा लेखक हमखास लिहील: “नितीन, तू कपाटातून बाबांचं पासबुक काढून खिशात घालतोयस!” कानाला लगेच खटकतं, कारण दोघांनाही दिसतंय ते एक जण दुसऱ्याला सांगतोय. घरात असं कोणी बोलत नाही. माहिती हवी असेल तर ती टोमण्यात, भांडणात, हुकुमात दडवावी लागते. “बाबांचं पासबुक तुझ्या खिशात काय करतंय रे? अजून तेरावंसुद्धा झालं नाही!” आता वस्तू कळली, खिसा कळला आणि भांडणही पुढे सरकलं. ‘हे’, ‘ते’, ‘तिथे’, ‘असं’ हे शब्द संहितेत लाल पेनाने गोल करत जायचं आणि प्रत्येक ठिकाणी नुसतं ऐकणाऱ्याला काय कळेल ते विचारायचं.

आईचं दारात उभं राहणं अवघड आहे. नितीनला ते माहीत नाही, प्रेक्षकाला माहीत हवं. म्हणजे कोणी बोलून चालणार नाही. इथे आवाज कामाला येतो. आईच्या हातात काठी द्यायची. पण टकटक पहिल्यांदा याच प्रसंगात ऐकू आली तर ती कोणाची, हे कोणाला कळणार? म्हणून ती आधीच पेरावी लागते. पहिल्या प्रवेशात सुलभा म्हणते, “आई, काठी घेऊन चालतेस हे बरं झालं, आलीस की कळतं तरी.” मग या प्रसंगात काठी वाजत येते, थांबते, आणि तेवढ्यात लोखंडी कपाटाचं दार करकरतं. नितीन आपल्याच नादात असतो. आई पाहतेय, हे श्रोत्याला नितीनच्या आधी कळतं.

मानेचा नकार उरला. “सुलभा.” एवढाच शब्द, हळू पण ठाम, आणि सोबत काठीचा एक ठोका. आता सुलभाच्या गप्प होण्याला कारण मिळालं.

याहून उघड मार्गही आहे. लंडनच्या ग्रेआय थिएटर कंपनीने २००६ साली सारा केनचं ‘ब्लास्टेड’ केलं, तेव्हा दिग्दर्शिका जेनी सीली यांनी कंसातल्या सूचना नटांच्याच तोंडी दिल्या. नाटक हिंसक आहे. ती कृत्यं करणारा नटच ती कोरडेपणाने बोलून दाखवतो, तेव्हा ते वर्णन सोय न राहता प्रयोगाचा भाग होतं. मराठी रंगभूमीला सूत्रधार नवा नाही. ज्या नाटकात तो मुळातच आहे, तिथे त्याच्या वाक्यांत जागा, वेष, कोण आलं-गेलं हे घालणं अवघड नाही. घरगुती, वास्तववादी नाटकात मात्र तो उपरा वाटेल.

नाटकाबाहेर हे काम सोपं होतं. कॅनडाची एएमआय ही प्रसारणसंस्था आपल्या कार्यक्रमांत हीच पद्धत वापरते. स्वयंपाकाच्या कार्यक्रमात “एवढं घाला, असं परता” ऐवजी “पाव चमचा हळद घाला, कांद्याच्या कडा तपकिरी होईपर्यंत परता” म्हटलं की झालं.

अडचण खरी येते ती तालमीत. नट म्हणतो, “हे वाक्य कशाला? मी नजरेने दाखवतो ना.” दिग्दर्शक मान डोलावतो आणि नेमकी तीच ओळ कापली जाते. काठी थांबते त्याच क्षणी पार्श्वसंगीत चढतं आणि ठोका बुडतो. म्हणून अशा ओळी आणि आवाज संहितेच्या समासात खुणेने वेगळे दाखवावेत. कापायचंच असेल तर ती माहिती दुसरीकडे कुठे जाणार, हे आधी ठरवायचं.

तपासणी करताना टीममधल्या कोणी डोळे मिटून ऐकलं, ते पुरत नाही. त्याला कथा आधीच ठाऊक असते. संहिता न वाचलेल्या दृष्टिहीन श्रोत्यांसमोर वाचन करावं आणि प्रत्येक प्रसंगानंतर विचारावं: आत्ता खोलीत कोण आहे, आणि काय बदललं? उत्तर देताना श्रोता अंदाज बांधू लागला, तर त्या प्रसंगात कंस उरला आहे.

या पद्धतीलाही मर्यादा आहे. मूकाभिनय, हाणामारी, शब्दाविना उलगडणारा शेवट इथे संवाद लादले तर नाटकच मोडतं. अशा जागी इअरफोनवरचं वर्णन हवंच. पण संहितेने आपलं काम केलं असेल, तर निवेदकाला मोजक्याच फटी भराव्या लागतात, आणि ज्या गावात निवेदक पोचत नाही तिथेही पासबुक कोणी उचललं आणि ते कोणी पाहिलं, हे शेवटच्या रांगेपर्यंत कळतं.