सहाव्या महिन्यातला सूर्यनमस्कार

मळमळ ओसरते, जेवण जायला लागतं, अंगात जरा तरतरी येते. चौथा-पाचवा महिना लागला की बऱ्याच गरोदर बायकांना बंद पडलेला व्यायाम आठवतो, आणि आपल्याकडे त्यात पहिला प्रश्न असतो तो सूर्यनमस्कारांचा. सासूबाई म्हणतात, "आता वाकायचं नाही." मैत्रीण म्हणते, "मी तर नवव्या महिन्यापर्यंत घालत होते." दोघींचंही पूर्ण बरोबर नाही, कारण सूर्यनमस्कार हा एकच व्यायाम नव्हे. औंधच्या बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी ज्याचा ध्यास घेतला, तो मुळात दहा-बारा स्थितींचा क्रम आहे. प्रत्येक स्थिती पोटाला, पाठीला आणि तोलाला वेगळं काम देते. तेव्हा निवाडाही एकेका स्थितीचाच करायला हवा.

त्याआधी फाइल उघडायची. साधारण १८ ते २० आठवड्यांच्या सुमारास जी सविस्तर सोनोग्राफी होते, तिच्यात वार कुठे आहे हे लिहिलेलं असतं. वार गर्भाशयाच्या तोंडाशी असेल, रक्तस्राव होऊन गेला असेल, पिशवीच्या तोंडाला टाका घातला असेल, जुळं असेल, रक्तदाब वाढलेला असेल किंवा हिमोग्लोबिन फारच खाली गेलं असेल, तर डॉक्टरांशी बोलल्याशिवाय व्यायामाचं नाव काढू नये. हिमोग्लोबिनची बाब आपल्याकडे किरकोळ नाही. २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या निम्म्याहून अधिक गरोदर स्त्रियांना रक्तक्षय असल्याचं आढळलं होतं. सौम्य रक्तक्षयात चालणं-फिरणं बहुधा बंद करावं लागत नाही, पण तीव्र असेल तर आधी उपचार. 'वार खाली आहे' हे वाचून मात्र लगेच अंथरूण धरायचं कारण नाही. गर्भाशय वाढत जातं तशी बहुतेकींची वार पुढच्या तपासणीपर्यंत वर सरकलेली असते. तोवर काय करायचं, हे डॉक्टर सांगतील.

आता अशी एक बाई डोळ्यांसमोर आणू, जिचे सगळे रिपोर्ट चांगले आहेत. २२वा आठवडा चालू आहे, म्हणजे सहावा महिना नुकताच लागलाय. गरोदरपणाआधी ती रोज बारा सूर्यनमस्कार घालत असे. गर्भाशयाचा वरचा काठ आता बेंबीच्या जरा वर पोचला आहे, त्यामुळे शरीराचा तोल पुढे गेला आहे. संप्रेरकांमुळे सांध्यांचे बंध सैल होत चालले आहेत आणि या तिमाहीत रक्तदाबही नेहमीपेक्षा थोडा कमी राहतो.

पहिली स्थिती, हात जोडून उभं राहणं. तिथे वादच नाही. दुसऱ्या स्थितीत हात वर नेऊन कमरेतून मागे झुकायचं असतं. पोटाच्या पुढच्या स्नायूंच्या दोन पट्ट्या वाढत्या गर्भाशयामुळे आधीच एकमेकींपासून लांब होत असतात, त्यांना आणखी ताणायचं कशाला? हात वर घ्यावेत आणि तिथेच थांबावं. अशा वेळी पोटाच्या मधोमध उभा उंचवटा वर आलेला दिसला, तर ताण जास्त झाला असं समजावं. अंथरुणातून सरळ उठून बसतानाही तो दिसतो, म्हणून कुशीवर वळून उठायला सांगतात.

तिसऱ्या स्थितीत कपाळ गुडघ्यांना टेकवायचं असतं. इथे पोट दबतं. शिवाय डोकं खाली नेऊन झटकन वर आलं की कमी रक्तदाबामुळे भोवळ येते. तिने पाय खांद्यांइतके फाकवावेत, समोर न हलणारी खुर्ची ठेवावी, तिच्या बैठकीवर हात टेकतील इतकंच वाकावं आणि सावकाश वर यावं. चौथ्या स्थितीत एक पाय लांब मागे जातो. सैल सांध्यांवर एवढी मोठी ढांग टाकली की जांघेत किंवा पुढच्या हाडाशी दुखू शकतं, तोलही जाऊ शकतो. खुर्ची धरून निम्मी ढांग टाकली तरी पुरते. दुखलं, तर ही स्थिती गाळावी.

पर्वतासन अनेकींना धोक्याचं वाटतं, कारण डोकं खाली असतं. अमेरिकेत २५ गरोदर स्त्रियांवर केलेला एक छोटा अभ्यास २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. नववा महिना लागलेल्या या स्त्रियांनी देखरेखीखाली पर्वतासनासारख्या स्थितीसह २६ आसनं केली आणि बाळांच्या ठोक्यांत काही बिघाड दिसला नाही. एवढ्याशा अभ्यासावरून सरसकट परवानगी देता येत नाही, पण भीती जरा कमी व्हायला हरकत नाही. खरी अडचण घामाने हात सटकण्याची आहे. हात भिंतीला लावून कमरेतून वाकलं की तीही राहत नाही.

उरल्या साष्टांग नमस्कार आणि भुजंगासन या दोन स्थिती. दोन्हींत भार पोटावर येतो, म्हणून त्या सरळ वगळायच्या. त्यांच्या जागी गुडघे आणि तळहात टेकून मार्जारासन करता येतं. श्वास रोखण्याची सवय असेल तर तीही सोडावी. शेवटचं शवासन उताणं पडून करायचं नाही. साधारण विसाव्या आठवड्यानंतर उताणं झोपल्यावर गर्भाशयाचं वजन पाठीच्या कण्यालगतच्या मोठ्या शिरेवर येतं, हृदयाकडे परतणारं रक्त कमी होतं, घाम फुटतो, गरगरतं. डाव्या कुशीवर, गुडघ्यांमध्ये उशी घेऊन पडावं.

राहिला वेग. १९८५ मध्ये अमेरिकेतल्या प्रसूतितज्ज्ञांच्या संघटनेने गरोदर स्त्रीच्या नाडीचे ठोके मिनिटाला १४० च्या वर जाऊ नयेत असं सांगितलं होतं. १९९४ मध्ये त्यांनीच ही मर्यादा काढून टाकली, तरी तो आकडा अजून तोंडी फिरतो. गरोदरपणात नाडी एरवीही जलद असते आणि रक्तदाबाच्या काही गोळ्यांनी ती मंदावते, त्यामुळे हातातल्या घड्याळापेक्षा बोलून पाहणं बरं. व्यायाम चालू असताना पूर्ण वाक्य न अडखळता बोलता आलं, तर वेग ठीक. दोन शब्दांमागे धाप लागली, तर कमी करावा. आपल्या या बाईला बाराऐवजी पाच-सहा बदललेली आवर्तनं आणि नंतर अर्धा तास चालणं पुरेल. जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम व्यायाम सांगते. आजवर काहीच न केलेलीने मात्र सूर्यनमस्कारांनी सुरुवात करू नये. दहा मिनिटं चालण्याने करावी.

हेच प्रश्न इतर व्यायामांना लावले की निवाडा सोपा होतो. पडण्याची किंवा पोटावर मार बसण्याची शक्यता आहे का? पोटावर किंवा बराच वेळ पाठीवर पडावं लागतं का? अंग फार तापतं का? पोहणं आणि एका जागची सायकल यात बसतात. रस्त्यावरची सायकल, घोडेस्वारी, कबड्डी आणि तापवलेल्या खोलीतला योग बसत नाही. गोव्याला जाऊन स्कूबा डायव्हिंग तर नकोच. पाण्याखालून वर येताना रक्तात बुडबुडे तयार होऊ शकतात आणि त्यांपासून पोटातल्या बाळाला संरक्षण नसतं.

व्यायाम करताना अंगावरून रक्त किंवा पाणी गेलं, पोट ठरावीक वेळाने आवळून दुखू लागलं, छातीत दुखलं, चक्कर आली, डोकं ठणकलं, एका पोटरीला सूज येऊन ती दुखू लागली किंवा व्यायामाआधीच धाप लागलेली असली, तर तिथेच थांबावं आणि पुढच्या तारखेची वाट न बघता त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करावा. रक्त किंवा पाणी जात असेल, तर फोनवर बोलत बसण्यापेक्षा थेट दवाखाना गाठावा.