इलिओटिबियल बँड सिंड्रोम (सायकलस्वारांमधील)

इलिओटिबियल बँड सिंड्रोम हा गुडघ्याच्या बाहेरील बाजूस वेदना निर्माण करणारा, अतिवापरामुळे होणारा विकार आहे. तो धावपटू व सायकलस्वार यांच्यात विशेषत्वाने आढळतो. इलिओटिबियल बँड हा संयोजी ऊतीचा जाड पट्टा असून तो कमरेच्या हाडापासून मांडीच्या बाहेरील अंगाने उतरत नडगीच्या हाडाच्या वरच्या टोकाशी जोडलेला असतो. नितंबाचे व कटिभागाचे स्नायू त्याला वरून ताण देतात.

कारण

हा पट्टा गुडघ्याजवळील हाडाच्या उंचवट्यावर पुढे-मागे घासतो, अशी पूर्वापार समजूत होती. मात्र पट्टा मांडीच्या हाडाला तंतूंनी बांधलेला असल्याने तो फारसा सरकू शकत नाही, असे शरीररचनेच्या अभ्यासांतून दिसून आले. गुडघा सुमारे ३० अंशांत वाकलेला असताना पट्ट्याखालील संवेदनशील मेदऊती हाडावर दाबली जाते आणि ती दुखते, हे स्पष्टीकरण आज अधिक ग्राह्य मानले जाते.

सायकलचे पायडल तळाशी असताना गुडघा नेमका याच कोनाच्या आसपास असतो. मिनिटाला ८० फेरे धरल्यास एका तासात प्रत्येक गुडघा या स्थितीतून ४,८०० वेळा जातो. सीट प्रमाणापेक्षा उंच असल्यास पाय तळाशी ताणला जातो, कंबर डोलते आणि पट्ट्यावरील ताण वाढतो. बुटाखालची क्लीट पायाचा चवडा आत वळेल अशी बसवली असली, तरीही हाच परिणाम होतो.

उदाहरणार्थ, एखाद्या स्वाराने सीट २ सें.मी. उंच केली आणि त्याच आठवड्यात नेहमीच्या ३० कि.मी.ऐवजी ८० कि.मी.चा पल्ला गाठला, तर पहिला तास सुरळीत जाऊन नंतर गुडघ्याच्या बाहेरील एकाच ठिकाणी टोचणारी वेदना सुरू होते. थांबल्यावर ती ओसरते. पुढच्या फेरीत मात्र लवकर परतते. सांध्याला सूज येणे वा गुडघा अडकणे ही या विकाराची लक्षणे नव्हेत. तशा वेळी कूर्चेच्या दुखापतीचा विचार करून डॉक्टरांकडून तपासणी करून घ्यावी लागते.

उपाय

मांडी बाहेरून आवळल्यासारखी वाटते म्हणून अनेक जण पट्टा ताणण्याच्या वा त्यावर फोम रोलर फिरवण्याच्या मागे लागतात. पट्टा इतका चिवट असतो की अशा दाबाने त्याची लांबी बदलत नाही. मिळणारा आराम तात्पुरता असतो, आणि दुखऱ्या उंचवट्यावरच रोलर दाबल्यास वेदना वाढू शकते. रोलर वापरायचाच असेल, तर तो नितंबाच्या स्नायूंवर फिरवणे अधिक सयुक्तिक ठरते.

वरील उदाहरणातील स्वाराने प्रथम सीट पूर्वीच्या उंचीवर आणणे इष्ट. टाच पायडलवर ठेवून पाय तळाशी नेल्यास गुडघा जेमतेम सरळ व्हावा आणि कंबर कलू नये, ही उंची तपासण्याची ढोबळ कसोटी होय. त्यानंतर वेदना सुरू होण्याआधीच थांबता येईल एवढेच अंतर, सपाट रस्त्यावर व हलक्या गिअरमध्ये कापावे. त्याला जोड म्हणून निरोगी कुशीवर झोपून वरचा पाय सरळ, किंचित मागे ठेवून उचलण्याचा व्यायाम दिला जातो. नितंबाच्या स्नायूंची दुर्बलता हे विकाराचे कारण की परिणाम, याविषयी मतभेद असले तरी व्यायामाने अनेकांना गुण येतो. वेदनाशामक गोळीने दुखणे दबते, पण ती घेऊन मोठा पल्ला गाठणाऱ्याला दाबाची सूचनाच मिळत नाही. सुधारणा सामान्यतः काही आठवड्यांत दिसू लागते. पल्ला एकदम पूर्ववत केल्यास दुखणे उलटते.