हॉलमधली अकराची बॅच

सोसायटीच्या हॉलमध्ये एरोबिक्स शिकवणारीने आधी फरशी पाहावी. काँक्रीटवर बसवलेली टाइल धक्का शोषत नाही, तो थेट गुडघ्यांवर येतो. म्हणून इथे उड्या नकोत. एक पाय सतत जमिनीवर राहील अशाच स्टेप्स घ्याव्यात आणि बूट सक्तीचे करावेत.

गाणं निवडताना ठेका मोजावा. नवशिक्यांना मिनिटाला १२० ते १३० ठोके पुरतात. त्यापुढे हात अर्धवट उचलले जातात, टाचा टेकत नाहीत. गाणं बदलायची वेळ झाली, हे तिथेच कळतं. व्यायाम करताना दोन वाक्यं बोलता आली, तर वेग बरोबर.

सकाळचे डबे आणि शाळा आटोपून येणाऱ्यांना अकराची वेळ सोयीची. फीचं गणित मात्र हॉलभाड्यापासून मांडावं. समजा, आठवड्याला तीन दिवसांचं महिन्याचं भाडं ३,००० रुपये आणि बायका बारा. ५०० रुपये फी घेतली तर ६,००० जमतात, शिकवणारीला निम्मे उरतात. चौघी गळाल्या की हजारच! त्यामुळे फी महिन्याच्या सुरुवातीलाच घ्यावी. बारशासाठी हॉल दिला गेला, तर बुडालेल्या दिवसाचा बदली वर्ग कधी, हेही तेव्हाच सांगावं.