अकरा मिनिटांत गांधार आणि मथुरा

केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या मुख्य परीक्षेत सामान्य अध्ययनाच्या पहिल्या पत्रिकेत 180 मिनिटांत 250 गुण मिळवायचे असतात. त्रैराशिक मांडले, तर 15 गुणांच्या आणि 250 शब्दांच्या उत्तराला अकरा मिनिटेही येत नाहीत. ‘गांधार व मथुरा शिल्पशैलींची तुलना करा’ असा प्रश्न आला, की बहुतेक विद्यार्थी आधी गांधार शैली सविस्तर लिहितात आणि उरलेल्या तीन मिनिटांत मथुरा उरकतात. मग दोन टिपणे तयार होतात; तुलना करण्याचे काम परीक्षकावर पडते.

त्याऐवजी परिच्छेद शैलीनुसार न पाडता मुद्द्यानुसार पाडावेत. पहिले दीड मिनिट समासात ‘दगड, देह, विषय’ एवढेच लिहून प्रत्येकापुढे ‘गां’ आणि ‘म’ यांखाली एकेक शब्द टिपावा. वेळ वाचतो तो येथेच, कारण पुढे थांबून आठवावे लागत नाही.

प्रस्तावना दोन वाक्यांची: दोन्ही शैली कुशाण काळात बहरल्या आणि दोन्हींनी बुद्धाला मानवी रूप दिले. कनिष्काचा इतिहास येथे नको. दगडाचा परिच्छेदही आटोपशीर असावा. पेशावरच्या परिसरातील गांधार शैलीत करडा-निळसर शिस्ट, तर मथुरेत ठिपक्यांचा तांबडा वालुकाश्म.

खरे गुण देहाच्या परिच्छेदात आहेत; त्याला तीन-साडेतीन मिनिटे द्यावीत. गांधारच्या बुद्धाचे केस लहरी आहेत, दोन्ही खांदे झाकणाऱ्या जाड वस्त्राला खोल चुण्या आहेत. त्यात ग्रीक-रोमन वळण दिसते. मथुरेचा बुद्ध यक्षमूर्तींच्या परंपरेतला, भरदार छातीचा. त्याचे तलम वस्त्र अंगाला चिकटलेले असून उजवा खांदा उघडा असतो. कटरा येथील मूर्ती हे नेमके उदाहरण. दोन खांद्यांची अर्ध्या मिनिटाची रेखाकृती काढली, तर वीस-पंचवीस शब्द वाचतात. ‘याउलट’ हा शब्द प्रत्येक जोडीच्या मध्ये यावा. तो कोठेच आला नसेल, तर वर्णन चालले आहे, तुलना नव्हे, असे समजावे.

विषयाच्या परिच्छेदात आपल्या घरातील मुले हमखास रेंगाळतात. गांधार शैली मुख्यतः बौद्ध. मथुरेत मात्र बौद्ध, जैन आणि वैदिक देवता एकाच परिसरात घडल्या. कंकाली टिळ्यावरील आयागपट आणि चौमुखी जिनप्रतिमा यांचा उल्लेख अवश्य करावा, पण दोन वाक्यांत. श्रीवत्स चिन्हाचा अर्थ कितीही ठाऊक असला, तरी तो या प्रश्नाचा भाग नाही.

शेवटचे मिनिट निर्णयासाठी राखावे. दोन्ही शैली पूर्णतः अलिप्त नव्हत्या, कारण मथुरेच्या काही मूर्तींतही दोन्ही खांदे झाकणारे चुणीदार वस्त्र आढळते, असे कारणासह एक वाक्य लिहावे. घड्याळात अकरावे मिनिट लागले असेल आणि विषयाचा परिच्छेद अपुरा असेल, तर तो तसाच सोडून हे वाक्य लिहावे व पुढचा प्रश्न घ्यावा.