जिभेवरचा फिरता नकाशा

ये गं मुक्ता, उजेडात ये आणि जीभ बाहेर काढ. अजून जरा. हं! काकू म्हणतात तोंड आलंय, बी-कॉम्प्लेक्स द्या. पण तोंड आलं असतं तर तू घास घेताना कळवळली असतीस. मघाशी वरणभात तर कसा चाटूनपुसून खाल्लास!

अरे, तूही बघ रे सोहम. हा लाल चट्टा किती गुळगुळीत आहे! आणि कडेने फिकट पांढरी, किंचित उंचावलेली, नागमोडी रेघ. एखाद्या बेटाचा किनाराच जणू. म्हणूनच डॉक्टर हिला भौगोलिक जीभ म्हणतात.

आपली जीभ खरखरीत लागते ती तिच्यावरच्या केसासारख्या बारीक अंकुरांमुळे. चट्ट्याच्या जागी तेवढे अंकुर काही दिवसांपुरते झडतात आणि खालचा लाल रंग उघडा पडतो. नीट पाहिलंस तर त्या गुळगुळीत भागातही लाल ठिपके दिसतील. ते वेगळे अंकुर, ते झडत नाहीत. चव कळते ती त्यांच्यामुळे. झडणाऱ्यांना चवीचं काही कळतच नाही. म्हणून तुला वरणभात नेहमीसारखाच लागला.

आता खरी गंमत. आईच्या मोबाइलमधला गेल्या सोमवारचा फोटो काढा. चट्टा डाव्या कडेला आहे ना? आज तिथे जीभ पूर्ववत खरखरीत झालीय आणि नवा चट्टा टोकाजवळ आलाय. एकीकडे अंकुर पुन्हा उगवतात, दुसरीकडे झडतात. किनारा असा सरकताना दिसला की डॉक्टर बहुधा नुसतं पाहून ओळखतात. तपासणीसाठी तुकडा काढायची वेळ सहसा येत नाही. बुरशीचा पांढरा थर असता तर तो पुसला की निघाला असता. ही पांढरी कड पुसून निघत नाही, तेव्हा ब्रशने खरवडत बसू नका.

असं का होतं, हे नेमकं कुणालाच ठाऊक नाही. शंभरात एक ते तीन जणांना होतं, काही घराण्यांत जास्त दिसतं. सोरायसिस असलेल्यांत थोडं अधिक आढळतं, पण नकाशा दिसला म्हणून सोरायसिस होणारच, असं नाही. संसर्ग तर नाहीच. सोहम, तिचा उष्टा आंबा खायला हरकत नाही. औषध लागत नाही. ठेचा, लिंबू, चिंच झोंबली तर तेवढे दिवस टाळायची.

मात्र न हलणाऱ्या डागाला हा नियम लावू नका. दोन-तीन आठवडे एकाच जागी राहिलेला, कडक लागणारा, रक्त येणारा किंवा न भरणारा चट्टा डॉक्टरांना किंवा दंतवैद्यांना दाखवायचाच. घरात कुणी तंबाखू किंवा मिश्री लावत असेल, तर त्यांनी एक दिवसही उशीर करू नये.